रुखवतातल्या कढईसोबत द्यायचं कार्ड: पाहुण्यांसाठी पुऱ्या

शेवंता_के

भाचीच्या रुखवतात यंदा लोखंडी कढई, झारा आणि पोळपाट-लाटणं ठेवायचं ठरलंय. कढईच्या कानाला एक कार्ड बांधायचं आहे, पोस्टकार्डाएवढं, प्लास्टिकमध्ये घातलेलं, म्हणजे तेलाचे हात लागले तरी चालेल. भाची आणि जावई दोघांनाही पोळ्या येतात, पुऱ्या कधी केल्या नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा पाहुणे येतील ते आठ जण असतील असं धरा. बेत पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड.

माझा मसुदा असा:

"कणीक अर्धा किलो, मोहन २ चमचे तेल, चवीला मीठ. घट्ट भिजवून दोन तास झाकून ठेवावी. पातळ पुऱ्या लाटाव्या. तेल कडकडीत तापवून मोठ्या आचेवर तळाव्या. वर्तमानपत्रावर काढाव्या."

काय चुकतंय ते सांगा. "छान लिहिलंय" नको.

खवय्या_नाना

चुकत काहीच नाही. तेल कडकडीत हवंच, थंड तेलात पुरी तेल पिते. फक्त तेल तापल्यावर त्यात चिमूटभर मीठ टाका असं लिहा, म्हणजे पुऱ्या अजिबात तेलकट होत नाहीत.

झारेकरी

नाना, पहिलं वाक्य अर्धं बरोबर आहे. थंड तेलात पुरी तेल पिते, खरंच. पण "कडकडीत" वाचून नवीन माणूस तेलातून धूर निघेपर्यंत थांबणार, आणि तिथेच घोटाळा होणार. अति तापलेल्या तेलात पुरी पडल्या पडल्या बाहेरून लाल होते. फुगायच्या आधीच वरचा पापुद्रा कडक झाला तर आतल्या वाफेला तो ताणता येत नाही. मग अंगभर फोड आलेली, पापडासारखी कडक आणि मध्ये कच्ची पुरी मिळते.

पुरी फुगते ती कणकेतल्या पाण्याच्या वाफेवर. दोन्ही बाजू तेलात पटकन बंद झाल्या पाहिजेत, पण लवचीक राहिल्या पाहिजेत, आणि तेवढ्यात आतल्या पाण्याची वाफ व्हायला हवी. हे १८० ते १९० अंश सेल्सियसला जमतं. थर्मामीटर नसेल तर हरभऱ्याएवढी कणकेची गोळी टाका. तळाशी टेकून दोन-तीन सेकंदांत बुडबुड्यांसकट वर आली आणि पांढुरकीच राहिली, तर तेल तयार. पाच-सहा सेकंद तळाशीच बसली तर अजून थांबा. वर येता येताच तांबूस झाली तर गॅस बंद करून मिनिटभर थांबा.

मिठाचं म्हणाल तर मीठ तेलात विरघळत नाही. ते तळाशी जाऊन बसतं. पुरीने किती तेल प्यायचं ते तेलाची उष्णता आणि कणकेची घट्टाई ठरवते.

खवय्या_नाना

आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या टाकतात हो मीठ.

झारेकरी

टाका की. पुऱ्या बिघडणार नाहीत. कार्डावर जागा कमी आहे एवढंच.

चटकमटक

पुरी दोन दिवस कुरकुरीत राहायला काय करावं? माझ्या तासाभरात मऊ पडतात, पाणी घातलं की फुटतात.

मृदगंधा

@चटकमटक, तुम्ही पाणीपुरीबद्दल विचारताय बहुतेक. हा धागा जेवणातल्या पुरीचा आहे, आणि दोन्हींचं गणित उलट आहे. पाणीपुरीला रवा जास्त लागतो, पुरी लहान आणि पातळ लाटतात, आणि ती फुगल्यावर आच कमी करून आतलं पाणी पूर्ण उडेपर्यंत तळतात. जेवणातली पुरी तितकी तळली तर श्रीखंडासोबत पाहुण्यांचे दात कामाला लागतील.

चटकमटक

अरे देवा, हो. वेगळा धागा काढते.

वाटीभर

मूळ मसुद्यात पाण्याचं प्रमाणच नाही! घट्ट म्हणजे किती घट्ट? पोळ्या येणारी मुलगी पोळीची कणीक भिजवते तशीच भिजवणार. पोळीला अर्धा किलोला ३०० मिली किंवा जास्तच पाणी लागतं. पुरीला २२५ ते २४० मिली पुरतं.

वाटीचं माप हवं तर चार सपाट वाट्या पिठाला त्याच वाटीने एक वाटी पाणी. वाटी कुठलीही असू दे, दोन्हीला तीच असली की झालं. पाणी एकदम ओतू नका. पाऊण वाटी आधी घाला, उरलेलं चमच्याचमच्याने. कणीक बोटाने दाबली की खळगा पडला पाहिजे, पण बोटाला काही चिकटता कामा नये. कार्डावर ही एवढी खूण लिहिली तरी निम्मं काम होईल.

कणीक सैल झाली तर लाटताना पिठी लावावी लागते. मग ती पिठी तेलात सुटते, तळाशी जळते, तेल काळं पडतं, आणि दहाव्या पुरीपासून काळे ठिपके दिसायला लागतात. मूळ चूक पाण्याची, नाव तेलाचं खराब होतं.

पोळपाट_पुराण

वाटीभर यांना +१. पिठी नकोच. पोळपाटाला तेलाचं बोट लावा, लाटीचं एक टोक तेलात बुडवा, बस. तेल फार लावलं तर लाटणं घसरतं आणि पुरी सरकते, तेही जपा.

मसुद्यातलं "पातळ" मला पटत नाही. पातळ पुरी फुगते खरी, पण कडक होते आणि ताटात येईपर्यंत चिरते. जाड पुरी मध्ये कच्ची राहते. साधारण दोन मिलिमीटर हवी, म्हणजे पोळीपेक्षा जरा जाड. लाटी मोठ्या सुपारीएवढी, वजनाने १९–२० ग्रॅम. ती चार इंच लाटली की जाडी आपोआप बरोबर येते. अर्धा किलो पिठाची कणीक साडेसातशे ग्रॅमच्या आसपास भरते, त्यात ३७–३८ पुऱ्या होतात.

जाडीपेक्षाही सारखेपणा महत्त्वाचा. एक कड पातळ आणि दुसरी जाड असेल तर पुरी एकाच बाजूला फुगते आणि जाड बाजू चपटी राहते. मधून बाहेर दोनदा लाटायचं, पुरी पाव फेरी फिरवायची, पुन्हा दोनदा. कडा चिरल्या दिसल्या तर कणीक कोरडी आहे. ओला हात लावून पुन्हा मळा. चिरेतून वाफ निघून जाते.

आळशी_अण्णा

मोठी पोळी लाटून वाटीने गोल कापले तर चालतात का? सगळ्या एकसारख्या होतात.

पोळपाट_पुराण

चालतात. चाळीस पुऱ्यांना सोयीचंच. फक्त उरलेल्या कातरणांचा वेगळा गोळा करू नका. त्या वाळून घट्ट झालेल्या असतात, त्यांच्या पुऱ्या चामड्यासारख्या होतात. ताज्या कणकेत मिसळून मळा आणि पाच मिनिटं झाका.

यंत्रमानव

आणि पुरीयंत्र? आमच्याकडे लाकडी आहे, दाबलं की झालं.

पोळपाट_पुराण

यंत्रात बिजागरीकडची बाजू पातळ होते. लाटी मधोमध न ठेवता किंचित बिजागरीकडे ठेवा, एकदा दाबा, पुरी अर्धी फेरी फिरवून पुन्हा हलकेच दाबा. प्लास्टिकला तेल लावायला विसरलात की पुरी उचलताना ताणली जाते, आणि मग ती फुगत नाही.

शेवंता_के

हे सगळं टिपून घेतेय. दोन तास भिजवण्याबद्दल कुणीच बोललं नाही?

मृदगंधा

बोलायचंच होतं. दोन तास फार झाले. पुरीची कणीक १५–२० मिनिटं पुरे. जास्त ठेवली की ती सैल पडते, आणि सैल कणकेची पुरी जास्त तेल पिते. सकाळी भिजवून फ्रिजमध्ये ठेवली तर दुपारपर्यंत रंगही करडा होतो.

दामले_मास्तर

मी थोडा असहमत. रवा घातला असेल तर पंधरा मिनिटांत तो भिजत नाही, लाटताना कणी लागते आणि पुरीला भोक पडतं. रवा असेल तर अर्धा तास हवा. आणि रवा हवाच. अर्धा किलोला दोन मोठे चमचे बारीक रवा घातला की पुरी फुगलेली जरा जास्त वेळ टिकते. शिवाय अर्धा चमचा साखर, रंगासाठी.

मृदगंधा

साखर मान्य, पण अर्ध्याच्या वर नको. जास्त झाली की पुरी शिजायच्या आत तांबूस होते. रवा मात्र पहिल्यांदा करणाऱ्यासाठी नकोच. रवा पाणी पीत राहतो, त्यामुळे भिजवताना बरोबर वाटलेली कणीक अर्ध्या तासाने दगड होते. मग ती पाणी लावणार, मग सैल होणार. नुसत्या कणकेची पुरीसुद्धा गरम वाढली तर उत्तम होते.

दामले_मास्तर

आठ माणसांना एक जण गरम गरम कुठून वाढणार? पुरी ताटात दहा मिनिटं तरी पडणारच. म्हणून रवा.

लुचीप्रेमी

बंगालमधली लुची मैद्याची आणि तुपाच्या मोहनाची असते, मुद्दाम पांढरी ठेवतात. श्रीखंडाबरोबर काय सुंदर दिसेल!

वाटीभर

दिसेल, पण गार झाली की वातड होईल. मैदा नको.

इंडक्शनवाली

माझ्याकडे गॅसच नाही, भाड्याच्या घरात इंडक्शन आहे. तापमान १८० वर ठेवते तरी पहिल्या चार पुऱ्या फुगतात, मग फुसक्या. भाचीकडेही इंडक्शन असेल तर गोल बुडाची लोखंडी कढई बसणारच नाही हो.

झारेकरी

कढईचा मुद्दा महत्त्वाचा. शेवंताताई, आधी शेगडी विचारून घ्या. इंडक्शन असेल तर जाड, सपाट बुडाची कढई द्या.

चार पुऱ्यांनंतर फुसक्या होतात, कारण इंडक्शनचा आकडा भांड्याच्या बुडाचा असतो, तेलाचा नाही. बुड १८० ला पोचलं की ते आच तोडतं, आणि वरचं तेल मागे राहतं. त्यापेक्षा वॅटच्या सेटिंगवर, १४००–१६०० ला चालवा आणि गोळीने तपासत राहा. फक्त कढई सोडून कुठेही जाऊ नका.

खरं तर कार्डावर सगळ्यात आधी हेच यायला हवं की तेलाची उष्णता एकदा जमवली आणि झालं, असं नसतं. ती सतत हलत असते. पुरी टाकली की तिच्यातलं पाणी उडताना तेलाची उष्णता खाते. एकामागून एक दोन-दोन पुऱ्या मंद आचेवर टाकत गेलात तर तेल गार होत जातं. उलट पुढच्या पुऱ्या लाटायला गेलात आणि कढई मोठ्या आचेवर रिकामी राहिली, तर पाऊण लिटर तेल मिनिटभरात २०–३० अंशांनीही चढतं.

म्हणून नवशिक्याच्या पुऱ्या तीन ठिकाणी बिघडतात. पहिली पुरी, कारण तेल अजून तापलेलं नसतं. सहावी-सातवी, कारण ते गार झालेलं असतं. आणि दुसऱ्या घाण्याची पहिली, कारण मधल्या वेळात ते जास्त तापलेलं असतं. हाताची चूक नसतेच. त्यावर उपाय असा, की पुऱ्या सलग पडत असताना आच मध्यमपेक्षा जरा मोठी, आणि हात थांबला की लगेच मंद. पाच मिनिटांहून जास्त थांबायचं असेल तर बंद. पुन्हा सुरू करताना पुन्हा गोळी.

आळशी_अण्णा

पहिली पुरी बिघडते ती देवाला, असं आमच्यात होतं. आता कळलं देवाला नेहमी तेलकट पुरी का मिळते.

टेक्सासकर

आमच्याकडे कॉइलची इलेक्ट्रिक शेगडी आहे. आच कमी केली तरी कॉइल बराच वेळ तापलेलीच राहते, त्यामुळे "लगेच मंद" जमत नाही. कढई उचलून बाजूला ठेवायची का?

झारेकरी

नको! गरम तेलाची कढई हलवायची नाही, कधीच. तुम्ही उलट करा. आधी सगळ्या पुऱ्या लाटून ठेवा आणि सलग तळा, म्हणजे थांबायची वेळच येणार नाही. तेल नेहमीपेक्षा जास्त घ्या, एक लिटरभर. जास्त तेल हळू तापतं आणि हळू गार होतं, चूक सांभाळून घेतं. तुमच्या थर्मामीटरवर ३६० ते ३७५ फॅरनहाइट. टोक कढईच्या बुडाला टेकू देऊ नका.

टेक्सासकर

धन्यवाद. इथल्या दुकानातल्या होल व्हीट पिठाच्या पुऱ्या मात्र फुगतच नाहीत.

वाटीभर

त्यात कोंडा जाडसर असतो. कोंड्याची कणी पापुद्रा कापते, वाफ निसटते. बारीक चाळणीने चाळून घ्या किंवा भारतीय दुकानातला चक्कीचा आटा आणा. चक्कीचं पीठ पाणी थोडं जास्त पितं, तेव्हा दोन चमचे हाताशी ठेवा.

मृदगंधा

आधी सगळ्या लाटून ठेवायच्या तर एक सांगायला हवं. पुऱ्या एकावर एक रचायच्या नाहीत, चिकटतात, आणि सोडवताना ताणल्या जातात. ताटात एकेरी पसरा आणि वर ओलसर पिळलेला पातळ पंचा टाका. पंख्याखाली उघड्या ठेवल्या तर वरची बाजू सुकते. मग सुकलेली बाजू ताणत नाही आणि पुरी चपटी राहते. फुगल्या नाहीत की सगळे तेलाला दोष देतात, पण निम्म्या वेळा गुन्हेगार पंखा असतो.

नवखा_निखिल

माझंही लग्न नुकतंच झालंय, स्वयंपाक माझ्याकडे आहे. पुरी तेलात टाकल्यावर नक्की काय करायचं, सेकंदासेकंदाने सांगाल का? सगळे "फुगली की उलटा" म्हणतात. नाही फुगली तर?

झारेकरी

निखिल, पुरी वरून टाकू नका. कढईच्या कडेला, तेलाच्या अगदी जवळ हात नेऊन आपल्यापासून दूर सरकवा. टपकन पडली तर दुमडते आणि तेल उडतं.

ती बुडते आणि दोन-तीन सेकंदांत वर येते. वर आली की झाऱ्याच्या पाठीने हलकेच दाबून तेलाखाली ठेवा. दाबायचं म्हणजे चेपायचं नाही. नुसती बुडवून धरायची, म्हणजे वरची बाजूही बंद होते. आठ-दहा सेकंदांत ती झाऱ्याला वर ढकलायला लागते. तो धक्का जाणवला की झारा काढा आणि कडेचं तेल दोन वेळा वरून उडवा. टम्म झाली की एकदाच उलटा, झारा कडेने घालून, मधून टोचून नाही. दुसरी बाजू दहा-बारा सेकंद. सगळं मिळून २५ ते ३० सेकंद.

अर्धीच फुगली तर चपट्या बाजूवर झारा ठेवून हलकेच दाबा, वाफ तिकडे सरकते. पंधरा सेकंदांत काहीच हललं नाही तर ती फुगणार नाही. उलटा, तळा, काढा, आणि पुढची टाकण्याआधी गोळी टाकून तेल बघा. दोन सलग फुगल्या नाहीत आणि तेल ठीक असेल, तर लाटणं तपासा.

नवखा_निखिल

"धक्का जाणवला की झारा काढा" हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी दाबूनच ठेवत होतो.

गृहिणी_नं१

मोहन जास्त घाला, पुऱ्या जास्त फुगतात. मी अर्धा किलोला पाव वाटी घालते.

वाटीभर

पाव वाटीने खुसखुशीत होतील, शंकरपाळ्यासारख्या. पण मोहनाने पापुद्रा ठिसूळ होतो, वाफ धरून ठेवत नाही. फुगायला दोन चहाचे चमचे पुरेत, फार तर एक मोठा चमचा. तिखटमिठाच्या पुऱ्या डब्याला न्यायच्या तर तुमचं प्रमाण चांगलं.

गृहिणी_नं१

हो, मी त्याच करते. हळद-ओव्याच्या.

कोकणकन्या

विषय निघालाच आहे तर, घारग्यांना हेच तापमान चालेल का? लाल भोपळ्याच्या?

मृदगंधा

नाही. गुळामुळे घारगे लवकर लाल होतात, मध्ये कच्चे राहतात. मध्यम आच, गोळी चार-पाच सेकंदांनी वर आली तरी चालेल. आणि पुऱ्या आधी तळा, घारगे शेवटी. गूळ तेलात सुटला की पुढच्या पुऱ्यांना डाग पडतात.

हिशेबनीस

मूळ प्रश्न आठ पाहुण्यांचा होता. वेळेचा हिशेब कुणी मांडला नाही, म्हणून मांडतो.

आठ पाहुणे आणि घरचे दोघे. माणशी चार धरल्या तर ४० पुऱ्या. अर्धा किलोत ३७–३८ येतात, तेव्हा पीठ ५५० ग्रॅम घ्या, म्हणजे एखाद-दुसरी वाया गेली तरी भागेल. पाणी त्याच प्रमाणात, सुमारे २५५ मिली. नवशिक्याने एका वेळी एकच पुरी तळावी. एकीला टाकणं, काढणं धरून ४० सेकंद. म्हणजे ४० पुऱ्यांना २६–२७ मिनिटं. सगळ्या आधी तळायच्या म्हटलं तर पहिली पुरी अर्धा तास पडून राहणार.

म्हणून पाहुणे एकला जेवायला बसणार असतील तर भाजी आणि श्रीखंड साडेबारापर्यंत ओट्यावरून हललेलं असू दे. सव्वाबाराला कणीक भिजवून झाकावी. १२:३५ ला लाटायला घ्यावं, १२:४० ला मध्यम आचेवर कढई. पाऊण लिटर तेल जाड लोखंडी कढईत तापायला सात-आठ मिनिटं लागतात. १२:४८ ला गोळी. तोवर १६ पुऱ्या लाटून पंचाखाली असाव्यात. त्या १६ एकला ताटात दोन-दोन पडतात आणि पाहुणे सुरुवात करतात. उरलेल्या २४ जेवण चालू असताना, एकाने लाटायच्या आणि दुसऱ्याने तळायच्या. घरात दोघे आहेत तर दोघांनी उभं राहायचं. एकट्याने लाटून-तळून आठ जणांना वाढणं पहिल्या खेपेला जमत नाही, आणि तेल रिकामं तापत राहतं ते याच वेळी.

दामले_मास्तर

शेवटच्या वाक्यासाठी टोपी काढली. जावईबापूंचं नावसुद्धा कार्डावर लिहा.

रसोईदार

वर्तमानपत्रावर काढू नका, शेवंताताई. छपाईची शाई गरम तेलात अन्नाला लागते. वर्तमानपत्रात अन्न बांधू नये असं एफएसएसएआयनेही सांगितलेलं आहे. टिशूवरही आडवी ठेवली तर खालची बाजू वाफेने ओली होते. पुरी झाऱ्यात धरून कढईच्या कडेला तीन-चार सेकंद उभी निथळू द्या, मग चाळणीत उभ्या उभ्या लावा. चाळणीखाली ताट. वर पातळ पंचा सैलसर. घट्ट झाकणाच्या डब्यात घातल्या की वाफ आतच राहते आणि दहा मिनिटांत सगळ्या लोळागोळा. गार झाल्यावर पुरी थोडी बसतेच, ती चूक नाही.

काळजीवाहू

कुणीतरी सुरक्षिततेचंही लिहा. कढई निम्म्यापेक्षा जास्त भरू नये. झारा धुतल्यावर पूर्ण पुसलेला हवा, पाण्याचा थेंब तेलात फुटतो. तेलातून धूर यायला लागला तर गॅस बंद. पेट घेतलाच तर गॅस बंद करून मोठं झाकण किंवा ताट सरकवून ठेवावं, पाणी कधीही ओतू नये. आणि झाकण आधीपासून ओट्यावर हाताशी असू दे, तेव्हा शोधायला वेळ नसतो.

घाणीचं_तेल

तेल कुठलं ते कुणी लिहिलंच नाही. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल सगळ्यात चांगलं.

झारेकरी

चवीला चांगलं, पण ते रिफाइंडपेक्षा लवकर धुरावतं. सरावाच्या हाताला चालेल. पहिल्या खेपेला रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल घ्यावं, चुकीला वाव राहतो.

काटकसर

उरलेल्या तेलाचं काय? पाऊण लिटर टाकवत नाही हो.

रसोईदार

४० पुऱ्यांत दीडशे-दोनशे मिली संपतंच. उरलेलं पूर्ण गार झाल्यावर कापडातून गाळा, तळाचा गाळ टाकून द्या, आणि आठवडाभरात फोडणीला, भाजीला संपवा. ताजं तेल ओतून पुन्हा तळणीला घेऊ नका. हॉटेलांसाठी २०१८ पासून नियम आहे की तळणीच्या तेलात तापवून तापवून वाढणारे पोलर घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही. घरी ते मोजता येत नाही. पण तेल घट्ट, काळसर झालं, फेस यायला लागला किंवा आधीपेक्षा लवकर धुरावलं, तर ते संपलं. सिंकमध्ये मात्र ओतू नका.

शेवंता_के

दंडवत मंडळी. शेगडी विचारली, गॅस आहे, गोल कढई चालेल. पोस्टकार्डात बसवण्यासाठी दोन्ही बाजू वापरतेय. नवा मसुदा:

*पुढची बाजू.* "पीठ ५५० ग्रॅम, पाणी २५५ मिली (चमच्याचमच्याने), मोहन २ चहाचे चमचे, मीठ १ चमचा, साखर अर्धा चमचा. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, चिकटू नये. २० मिनिटं झाकून ठेवा. सुपारीएवढी लाटी, तेलाचं बोट, चार इंच, सगळीकडे सारखी. पिठी नाही. पंचाखाली एकेरी ठेवा, पंखा बंद."

*मागची बाजू.* "कढईत पाऊण लिटर तेल. गोळी २–३ सेकंदांत वर, पांढरीच: तयार. कडेने सरकवा, वर आली की बुडवून धरा, धक्का जाणवला की झारा काढा, टम्म झाली की एकदा उलटा. एकूण ३० सेकंद. पुऱ्या पडत असताना आच मध्यमच्या वर, हात थांबला की मंद. पुन्हा सुरू करताना पुन्हा गोळी. चाळणीत उभ्या. झारा कोरडा, झाकण हाताशी. एकाने लाटा, एकाने तळा."

रवा वगळलाय. मास्तर, रागावू नका.

दामले_मास्तर

रागावत नाही. पण श्रीखंडाच्या दुसऱ्या वाढपाला ताटातली पुरी कशी दिसते ते कळवा.

वाटीभर

मीठ १ चमचा म्हणजे कुठला चमचा? मोहनाला "चहाचे" लिहिलंय, मिठाला नुसतं "चमचा". भाची मोठा घेईल आणि सगळे पाहुणे पाणी पीत बसतील.

शेवंता_के

खरंच की. दोन्हीकडे चहाचाच. मीठ आणि साखर दोन्हीला दुरुस्त करते.

पोळपाट_पुराण

आणि साडेपाचशे ग्रॅम मोजायला त्यांच्याकडे काटा आहे का? नसेल तर "सव्वादोनशे मिलीच्या वाटीने साडेचार वाट्या पीठ, त्याच वाटीने एक वाटी आणि वर दोन मोठे चमचे पाणी" असंही लिहा.

शेवंता_के

काटा नाही. वाटीच लिहिते, आणि कढईत तीच वाटी ठेवून देते.

खवय्या_नाना

मिठाची चिमूट तेलात टाकायचं राहिलंच शेवटी.